ग्राहकांची यादी भलत्याच पत्त्यावर गेली: आता कोणाला, कधी आणि काय कळवायचं?

नदीकाठ (शनिवार, दुपारी 12:20)
ओळखीच्या एका छोट्या सहल कंपनीसाठी विचारतोय, जरा घाई आहे. कंपनी पुण्यातली, ग्राहकही सगळे इथलेच. काल संध्याकाळी 5:40 ला युरोपच्या गटाची एक्सेल यादी व्हिसाचं काम करणाऱ्या एजंटाला पाठवायची होती. पत्त्याची पहिली तीन अक्षरं टाकल्यावर आउटलुकने त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा पत्ता पुढे केला आणि मेल त्याला गेला. हा माणूस पूर्वी कंपनीला बस पुरवायचा, पत्ता जीमेलचा. आज सकाळी 11:15 ला एजंटाने फोन करून यादी कुठे आहे विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

यादीत 143 ओळी आहेत. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मोबाइल, घरचा पत्ता, जेवणाची पसंती, चालू औषधं, तातडीचा संपर्क आणि जाण्यायेण्याच्या तारखा. फाइलला पासवर्ड नाही. मेल परत बोलावण्याचा प्रयत्न केला आहे. कोणाला कळवायचं, किती वेळात, आणि ग्राहकांना सांगायलाच हवं का?

चहाबाज (12:31)
1930 ला फोन करा आणि सायबर पोलिसांत तक्रार नोंदवा. पावती मिळाली की कंपनीची जबाबदारी संपली.

शून्यप्रहर (12:48)
चहाबाज, 1930 हा ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठीचा नंबर आहे, व्यवहार अडवायला. इथे कोणाचे पैसे गेलेले नाहीत आणि चूक कंपनीच्याच हातून झाली आहे. पुढे या यादीतल्या कोणाला फसवलं गेलं, तर त्या ग्राहकाला तो नंबर लागेल.

नदीकाठ, सगळ्यात आधी Sent Items मधला तो मेल कोणी खोडणार नाही एवढं बघा. घाबरलेला माणूस पहिल्यांदा तेच करतो. नेमकी कोणती फाइल, किती वाजता, कोणत्या पत्त्यावर गेली याचा पुरावा तोच आहे. प्रशासकाला सांगून मेलचा प्रवास दाखवणारी नोंद (Message trace) आजच उतरवून घ्या. समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला की परत पाठवला, हे तिच्यात दिसतं. परत आला असेल तर अर्धी चिंता मिटली.

मेल परत बोलावण्याचा उपयोग फक्त स्वतःच्या संस्थेच्या आत होतो. बाहेरच्या जीमेलवर गेलेला मेल परत येत नाही. उलट त्या माणसाला ‘अमुक मेल परत घ्यायचा आहे’ असा आणखी एक मेल जाऊ शकतो आणि न उघडलेल्या मेलकडे त्याचं लक्ष जातं. ते आता झालंच आहे, तेव्हा त्याला सरळ फोन करा.

वेळेचं म्हणाल तर घड्याळ काल 5:40 ला नाही, आज 11:15 ला सुरू झालं, कारण कळलं तेव्हा. सर्ट-इन म्हणजे सायबर घटनांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं असतं. म्हणजे आज संध्याकाळी 5:15 पर्यंत. पत्ता incident@cert-in.org.in, फोन 1800-11-4949. शनिवार-रविवारची सवलत नाही.

रानजाई (12:55)
युरोपची सहल आहे म्हणजे तिकडचा माहिती संरक्षणाचा नियम, जीडीपीआर लागणार. जुने प्रवासी जर्मनीचे असतील तर तिथल्या नियामकालाही कळवा. 4 टक्के उलाढालीचा दंड आहे, हलक्यात घेऊ नका.

डब्लिनकर (1:20)
रानजाई, सहल कुठे जाते यावर ते ठरत नाही. कंपनीचं कार्यालय युरोपियन संघात आहे का, किंवा संघात राहणाऱ्या लोकांना ती मुद्दाम सेवा विकते का, हे बघतात. कोथरूडच्या कुटुंबाने पुण्यात पैसे भरून पॅरिस बघायला जाणं यात बसत नाही. उद्या कंपनीने म्युनिकमधल्या मराठी मंडळींसाठी युरोत दर लावून जाहिरात केली, तर मात्र त्या ग्राहकांपुरता विषय वेगळा.

तिकडच्या नियमातली एक गोष्ट मात्र विचारासाठी घेण्यासारखी आहे. तिकडे 72 तासांत नियामकाला कळवायचं असतं, पण लोकांना धोका संभवत नसेल तर कळवणं माफ आहे. फक्त आपल्या दप्तरी नोंद ठेवावी लागते. युरोपियन डेटा संरक्षण मंडळाने 2021 च्या मार्गदर्शनात जवळजवळ असंच उदाहरण दिलं आहे. इंग्रजीच्या एका अभ्यासक्रमाच्या सहभागींची यादी हॉटेलऐवजी आधीच्या तुकडीच्या 15 जणांना गेली. तिच्यात नावं, ईमेल पत्ते आणि जेवणाची पसंती होती. दोघांना दूध चालत नाही असंही लिहिलेलं. मंडळाचं म्हणणं, यात नियामकाला किंवा लोकांना कळवण्याची गरज नाही. इथे पासपोर्ट, औषधं आणि घरचा पत्ता आहे. तो निष्कर्ष इकडे ओढून आणता येणार नाही.

गणपतराव_नाशिक (1:34)
सर्ट-इन हे हॅकिंगसाठी आहे. माणसाने चुकीच्या पत्त्यावर मेल टाकला तर तो सायबर हल्ला कसा? उगाच सरकारी दारात स्वतःहून जायचं कशाला?

शून्यप्रहर (1:52)
गणपतराव, प्रश्न रास्त आहे आणि जाणकारांतही यावर एकमत नाही. निर्देशांच्या परिशिष्टात ‘डेटा लीक’ हा शब्द स्वतंत्रपणे आहे आणि तिथे हल्लेखोराची अट नाही. दुसरीकडे 2013 च्या मूळ नियमांत सायबर सुरक्षा घटनेची व्याख्या सुरक्षा धोरणाचा भंग आणि अनधिकृत प्रवेशाभोवती फिरते. तिच्या आधारे काही वकील म्हणतात, की चुकलेला मेल तिच्यात येत नाही. माझं मत असं, की 143 पासपोर्ट क्रमांक कंपनीबाहेर गेले असताना व्याख्येवर वाद घालण्यापेक्षा दहा ओळींचा मेल टाकावा. कळवलं म्हणून गुन्हा कबूल केला असं होत नाही. कळवायचं असून कळवलं नाही, तर मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70ब खाली शिक्षेची तरतूद आहे.

नदीकाठ (2:05)
नोंद बघितली, मेल पोचला आहे. त्या माणसाला तीनदा फोन केला, उचलत नाही. आता त्याला मेल लिहितो. काय लिहू?

विदावाली (2:24)
नदीकाठदादा, मूळ मेलला ‘उत्तर’ देऊन लिहू नका. नवीन कोरा मेल उघडा, म्हणजे जुना मजकूर आणि यादी पुन्हा त्याच्याकडे जाणार नाही. विषयात ‘पासपोर्ट’, ‘गोपनीय’ असे शब्द नकोत. मजकूर साधारण असा:

‘काल संध्याकाळी 5:40 वाजता आमच्याकडून आपल्याला एक मेल चुकून गेला आहे. तो आपल्यासाठी नव्हता. कृपया जोडलेली फाइल उघडू नका. मेल इनबॉक्समधून आणि त्यानंतर कचरापेटीतूनही काढा. फाइल फोनवर किंवा संगणकावर उतरली असेल तर तिथूनही काढा. फाइल उघडली होती का, कोणाला पुढे पाठवली का, आणि आपला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जातो का, हे कळवा. सगळं काढल्याचं या मेलला उत्तर देऊन लिहून द्या.’

कचरापेटीचं वेगळं सांगावं लागतं, कारण जीमेलमध्ये खोडलेला मेल तिथे 30 दिवस पडून राहतो. फोनवर व्हॉट्सॲपने एखादी फाइल पुढे गेली असेल तर लोक ‘पुढे पाठवली नाही’ असंच सांगतात, कारण त्यांच्या मते ‘पाठवणं’ म्हणजे मेल. म्हणून नेमकं विचारायचं. धमकीची भाषा नको. आतापर्यंत त्याची काहीच चूक नाही आणि आपल्याला त्याची मदत हवी आहे.

मुळामुठा (2:40)
एक विषयांतर. तुमचं नाव ‘विदावाली’ आवडलं. पण ग्राहकांना पत्र लिहिताना डेटासाठी ‘विदा’ लिहू नका, आमच्या आईला ‘विदाई’ वाटेल. ‘तुमची माहिती’ म्हणा, पुरे आहे.

विदावाली (2:47)
अगदी मान्य. पत्रात ‘माहिती’च.

खिडकीजवळ (3:02)
आमच्याकडे ग्राहकाचं बिल दुसऱ्याच ग्राहकाला गेलं होतं, एकच. तेही कळवावं लागतं का? नाव, पत्ता आणि रक्कम एवढंच होतं.

डब्लिनकर (3:10)
एका माणसाचं बिल आणि 143 जणांचे पासपोर्ट यांची तुलना नको. पण नोंद ठेवाच. वहीत तारीख, काय गेलं, कोणाला, काय केलं अशा चार ओळी. अशी तिसरी नोंद झाली की दोष माणसात नाही, पद्धतीत आहे हे दिसतं.

शून्यप्रहर (3:18)
नदीकाठ, कळवण्याआधी एक तपासणी करा, कारण आकडा चुकला तर सगळंच चुकतं. Sent Items मधून *गेलेली* फाइल उतरवा. संगणकावरची नको, तिच्यात कालपासून बदल झालेले असू शकतात. उघडून खालच्या कोणत्याही पानाच्या नावावर उजवी टिचकी मारा आणि Unhide दिसतं का बघा. ते जिवंत असेल तर आत लपवलेली पानं आहेत.

तेवढ्याने भागत नाही. मॅक्रोने लपवलेली पानं त्या यादीतही येत नाहीत. xlsx ही मुळात झिप फाइल असते, म्हणून लिनक्स किंवा मॅकवर असं बघता येतं:

```
unzip -p yadi.xlsx xl/workbook.xml | grep -o '<sheet [^>]*>'
unzip -l yadi.xlsx | grep pivotCache
```

पहिल्या ओळीच्या उत्तरात `state="hidden"` किंवा `state="veryHidden"` आलं की समजायचं. दुसरीने काही दाखवलं तर फाइलमध्ये सारांश तक्ता आहे आणि त्याच्या पोटात मूळ माहितीची प्रत असू शकते. मूळ पान खोडलं तरी ती राहते. बेरजेच्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली की एकेक ओळ बाहेर येते.

उत्तर आयर्लंडच्या पोलिसांचं ऑगस्ट 2023 मध्ये हेच झालं. माहिती अधिकाराच्या उत्तरात दिलेल्या तक्त्यात एक लपलेलं पान राहिलं आणि 9,483 अधिकारी-कर्मचाऱ्यांची नावं उघड झाली. पुढे त्यांना साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

नदीकाठ (3:51)
लपवलेलं पान निघालं. गेल्या वर्षीच्या दुबई गटाचं, 88 नावं, त्यांचेही पासपोर्ट क्रमांक आहेत. कोणीतरी जुनीच फाइल नवीन गटासाठी वापरली. सारांश तक्ता नाही.

रानजाई (3:55)
म्हणजे 231 लोक. बापरे.

विदावाली (4:09)
रानजाईताई, ओळी आणि माणसं एक नसतात. दोन्ही गटांत गेलेले लोक दोनदा मोजले जातील, ते पासपोर्ट क्रमांकावरून जुळवा. उलट ‘तातडीचा संपर्क’ या रकान्यात जे भाऊ, सून, शेजारी आहेत, त्यांची नावं आणि मोबाइलही बाहेर गेले. ते कंपनीचे ग्राहक नाहीत, पण त्यांची माहिती गेलीच आहे. त्यांना बहुतेक कोणी मोजत नाही.

नदीकाठ (4:26)
जुळवलं. 17 जण दोन्हीकडे आहेत, म्हणजे 214 प्रवासी. संपर्काच्या रकान्यात प्रवासी नसलेले वेगळे 96 लोक. एकूण 310.

शून्यप्रहर (4:38)
छान. आता सर्ट-इनला लिहा, 5:15 व्हायच्या आत. घटना कधी घडली आणि कधी कळली, या दोन वेळा वेगळ्या द्या. काय झालं ते सरळ लिहा: पत्ता आपोआप भरला गेल्याने मेल बाहेरच्या एका व्यक्तीला गेला, सर्व्हरमध्ये कोणी शिरलेलं नाही. किती लोकांची कोणत्या प्रकारची माहिती गेली आणि आतापर्यंत काय केलं ते द्या. ‘प्राप्तकर्त्याशी अद्याप संपर्क झालेला नाही’ हेही लिहा. अर्धवट माहिती चालते, पुढे भर घालता येते. खोटा दिलासा मात्र पुढे अडचणीत आणतो. आणि कृपा करून ती यादी या मेलला जोडू नका. ‘पुरावा म्हणून’ जोडणारे लोक असतात, आणि मग तीच माहिती आणखी एका ठिकाणी जाते.

गणपतराव_नाशिक (4:50)
ठीक आहे, सर्ट-इनचं पटलं. पण नव्या विदा संरक्षण कायद्याचं काय? तिथे म्हणे 200 कोटी दंड आहे. मग त्या कायद्याखालच्या आपल्या मंडळालाही आजच कळवायचं का?

डब्लिनकर (5:20)
गणपतराव, कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. पण गळती कळवण्याची तरतूद त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होते, म्हणजे मे 2027 पासून. त्या तारखेच्या आधीची घटना असेल तर मंडळाला कळवण्याचं बंधन नाही. 200 कोटी ही कळवण्यात कसूर केल्याबद्दलची कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे.

लागू झाल्यावर मात्र आपला कायदा युरोपपेक्षा कडक आहे, आणि हे फार लोकांच्या ध्यानात आलेलं नाही. धोका किरकोळ असेल तर माफी, अशी चाळणी त्यात नाही. चुकून उघड झालेली माहितीही व्याख्येत स्पष्टपणे येते. मंडळाला विनाविलंब प्राथमिक माहिती, कळल्यापासून 72 तासांत तपशील, आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला विनाविलंब सूचना. आजच्या उदाहरणात ते 72 तास मंगळवारी सकाळी 11:15 ला भरले असते. म्हणजे खिडकीजवळ यांचं ते एक बिलही मे 2027 नंतर कागदावर तरी कळवावं लागेल.

खिडकीजवळ (5:31)
एका बिलासाठी मंडळाकडे? देशभरातून रोज किती येतील! आणि लोकांना इतक्या सूचना गेल्या तर ते वाचणंच सोडतील.

विदावाली (5:44)
ही भीती खरी आहे, मलाही वाटते. मंडळ प्रत्यक्षात काय पवित्रा घेतं त्यावर बरंच ठरेल. पण आजच्या प्रसंगात कायदा लागू असो-नसो, लोकांना सांगावं असंच माझं मत आहे. कारण या यादीचा धोका पासपोर्ट क्रमांकात कमी आणि दोन रकान्यांच्या जोडीत जास्त आहे: घरचा पत्ता आणि जाण्यायेण्याच्या तारखा. कोणतं घर कधी रिकामं असेल, हे त्यात लिहिलेलं आहे. दुसरं, ज्याच्या हाती यादी पडली तो ‘तुमचा व्हिसा अडकलाय, अमुक पैसे भरा’ असा फोन नाव, तारीख आणि पासपोर्ट क्रमांकासकट करू शकतो. असा फोन खरा वाटणारच.

मुळामुठा (5:58)
औषधांचं विसरू नका. एखाद्याने मधुमेह किंवा मनाच्या आजाराची गोळी घरच्यांपासूनही लपवलेली असते. त्या लोकांना सरसकट मेल न पाठवता आधी फोन करावा.

नदीकाठ (6:40)
सर्ट-इनला 5:02 ला मेल गेला. औषधांचा रकाना 29 जणांचा भरलेला आहे, त्यांना आज रात्री फोन होतील. बाकीच्यांसाठी हा मसुदा कसा वाटतो?

‘शुक्रवारी संध्याकाळी 5:40 वाजता आमच्याकडून तुमच्या सहलीची यादी चुकून एका बाहेरच्या व्यक्तीला ईमेलने गेली. शनिवारी सकाळी 11:15 वाजता हे आमच्या लक्षात आलं. तिच्यात तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, पासपोर्ट क्रमांक आणि प्रवासाच्या तारखा होत्या. बँकेची किंवा कार्डाची माहिती नव्हती. त्या व्यक्तीला यादी काढून टाकण्याची विनंती केली आहे, पण अजून दुजोरा मिळालेला नाही. व्हिसा किंवा तिकिटाच्या नावाने कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका, आमच्या कार्यालयाच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून खात्री करा. प्रवासाच्या काळात घराकडे लक्ष ठेवायला शेजाऱ्यांना सांगा. चूक आमची आहे, त्याबद्दल क्षमस्व.’

शून्यप्रहर (6:55)
उत्तम. दोनच दुरुस्त्या. प्रश्न विचारायला एका जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर द्या, कारण ‘नेहमीचा नंबर’ रविवारी कोणी उचलणार नाही. आणि दुबई गटाला वेगळं पत्र. त्यांच्या तारखा होऊन गेल्या आहेत, त्यांना शेजाऱ्यांचं वाक्य गोंधळात टाकेल.

विदावाली (7:01)
आणि 310 जणांना एकाच मेलमध्ये ‘प्रति’त टाकून पाठवू नका! ब्रिटनच्या संरक्षण खात्याने 2021 मध्ये अफगाण दुभाष्यांसारख्या लोकांना असाच मेल पाठवला, 245 जणांचे पत्ते एकमेकांना दिसले, आणि साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. गुप्त प्रतीवरही विसंबू नका, मेल मर्जने प्रत्येकाला वेगळा पाठवा. आधी स्वतःच्या दोन पत्त्यांवर चाचणी घ्या.

चहाबाज (7:15)
ज्याने मेल टाकला त्याला कामावरून काढणार असतील ना?

डब्लिनकर (7:28)
त्याने काय साधेल? पुढच्या वेळी चूक करणारा ती सांगणारच नाही, आणि मग 11:15 ला कळण्याऐवजी महिन्याने कळेल. कारण शोधायचं तर ते यात आहे: जुनी फाइल पुन्हा वापरली, पासवर्ड नव्हता, पत्ता आपोआप भरला. आउटलुकमध्ये प्रत्येक मेल दोन मिनिटं उशिरा सुटेल असा नियम लावता येतो. जीमेलमध्ये ‘Undo send’ची मुदत जास्तीत जास्त 30 सेकंद होते, मुळात ती 5 असते. पण खरा उपाय म्हणजे अशी यादी जोडूच नये. फक्त एजंटाच्या खात्याला उघडेल असा ड्राइव्हचा दुवा द्यावा. पत्ता चुकला तर दुवा बंद करता येतो आणि कोणी उघडला का तेही बघता येतं.

गणपतराव_नाशिक (7:40)
एजंट म्हणतात आम्हाला लिंक उघडत नाही, फाइलच पाठवा. तिथे अडतं सगळं.

नदीकाठ (रविवार, सकाळी 10:05)
बसवाल्याचं उत्तर आलं. फाइल फोनवर उघडली होती, आपली नाही म्हणून बंद केली, सगळीकडून काढली असं लिहून दिलंय. पण त्याच्या कार्यालयातला मुलगाही तोच मेल पत्ता त्याच्या फोनवर वापरतो, हे त्यानेच सांगितलं. मुलाशी अजून बोलणं व्हायचं आहे. आता ग्राहकांच्या पत्रात ‘काढून टाकली आहे’ असं लिहायचं का?

शून्यप्रहर (10:22)
अजून नाही. ‘त्या व्यक्तीने काढल्याचं लेखी कळवलं आहे, आम्ही आणखी खात्री करत आहोत’ इतकंच लिहा आणि पत्र आजच जाऊ द्या. मुलाला विचारताना व्हॉट्सॲपचं नाव घेऊन विचारा. त्याचं उत्तर आलं की सर्ट-इनच्या त्याच धाग्यात पुरवणी पाठवा.